घोटा मुरगळला? हाडाची मागची कड दाबून बघा

पाय मुरगळून दवाखान्यात आलेल्या माणसाबरोबर कुणीतरी असतंच, आणि ते ठामपणे सांगतं, "बोटं हलतायत डॉक्टर, म्हणजे मोडलेलं नाही." हा समज इतका घट्ट रुजलाय की त्यापायी मोडलेल्या हाडाला दिवसचे दिवस तेल चोळलं जातं. पायाची बोटं मुख्यतः पोटरीतले आणि नडगीलगतचे स्नायू हलवतात. त्यांच्या लांब दोऱ्या घोट्याच्या पुढून-मागून बोटांकडे जातात. घोट्याचं हाड मोडलं तरी त्या दोऱ्या शाबूत असतात, म्हणून बोटं हलतात.

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोघीजणी आल्या. एक कॉलेजातली मुलगी, बॅडमिंटन खेळताना पाय आत वळलेला. घोट्यापुढे अंड्याएवढी सूज, टाचेपर्यंत जांभळं. दुसऱ्या साठीच्या काकू. जिन्याची शेवटची पायरी चुकली होती. सूज बेताची, त्या लंगडत का होईना, चालत आत आल्या. नुसतं बघून कुणीही मुलीचंच हाड मोडलं असं म्हटलं असतं.

पाय आत वळतो तेव्हा ताण बाहेरच्या बाजूला येतो. तिथे घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या पुढच्या कडेपासून पावलाच्या हाडापर्यंत एक आखूड, चपटी पट्टी जाते. बाहेरच्या बाजूच्या तीन अस्थिबंधांत हीच सगळ्यात कमकुवत, म्हणून बहुतेक वेळा पहिल्यांदा फाटते ती हीच. ती सांध्याच्या आवरणात मिसळलेली असल्याने फाटली की चांगलं रक्त साकळतं आणि उतार मिळेल तसं टाचेकडे, बोटांकडे ओघळतं. म्हणून सूज आणि काळंनिळं यांवरून हाडाबद्दल फारसं कळत नाही.

आता हाडाचं बघा. मुरगळण्यात बाहेरचं हाड मोडतं तेव्हा चीर बहुधा तिरकी जाते, पुढून खालून मागे वरच्या दिशेला. म्हणजे पुढची कड दाबली तर दोन्ही प्रकारांत दुखणार. फाटलेली पट्टी तिथेच चिकटलेली असते. मागच्या कडेला मात्र ती पट्टी नाही. तिथे हाडावर बोट दाबल्यावर कळ आली, तर संशय हाडावरच घ्यायचा. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिला शरीररचनेखेरीज काही लागत नाही.

तिचा नियम केला कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1992 मध्ये. तेव्हा मुरगळलेल्या जवळजवळ प्रत्येक घोट्याचा एक्स-रे निघायचा आणि शंभरात पंधराहून कमी जणांचं हाड मोडलेलं असायचं. नियम असा : घोट्याजवळ दुखत असेल, तर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही हाडांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, दाबत जायचं. टोकही दाबायचं. कुठेही हाडावर कळ आली तर एक्स-रे. किंवा मार लागल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेलं पाऊलही पाऊलच.

काकूंनी चार पावलं टाकली होती. पण मागच्या कडेवर, टोकाच्या दोन बोटं वर दाबल्याबरोबर त्यांनी पाय ओढून घेतला. यातलं एकच लक्षण पुरतं. एक्स-रेत तिरकी चीर दिसली. मुलीला मागच्या कडांवर, टोकांवर काहीच दुखलं नाही, लंगडत चार पावलंही टाकली. वडील एमआरआयची चिठ्ठी मागत होते. पहिल्या दिवशी त्याचा काही उपयोग नव्हता. उपचार बँडेज, बर्फ आणि हळूहळू चालणं हाच राहणार होता. "आठवड्यात पाय टेकवणं सोपं झालं नाही तर परत या," एवढं सांगितलं.

पावलाच्या मध्यावर दुखत असेल तर आणखी दोन जागा दाबायच्या. एक, करंगळीच्या रेषेत मागे येताना पावलाच्या बाहेरच्या कडेवर लागणारा उंचवटा. पाय आत वळताना त्यावर ओढ येऊन हाडाचा तुकडा निघू शकतो. दुसरी, आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे हाताला लागणारं हाड. तिथे कळ आली, किंवा चार पावलं जमली नाहीत, तर पावलाचा एक्स-रे.

या नियमातून मोडलेलं हाड क्वचितच निसटतं. उलट नियम एक्स-रेला पाठवतो त्यातल्या पुष्कळांचं हाड शाबूतच निघतं, तो तसाच आखलाय. पण तो वेदनेवर उभा आहे. मधुमेहाने पाय बधिर झालेला माणूस, दारू प्यालेला, डोक्यालाही मार लागलेला, यांच्या "दुखत नाही" वर विसंबू नये. लहान मुलांचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. आणि घोटा वाकडा दिसतोय, पाऊल पांढरं-गार पडलंय किंवा जखमेतून हाड दिसतंय, तर दाबून बघत बसू नका. पाय आहे तसा आधार देऊन बांधा आणि थेट इस्पितळ गाठा.