प्रशिक्षण समाप्ती अहवालातील चार रकान्यांची पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कुठल्याही कारखान्यात प्रशिक्षणाची फाइल उघडली, तर प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी एक समाप्ती अहवाल सापडतो आणि त्यात उपस्थिती, अभिप्रायाचे गुण, चाचणीतून दिसलेले शिक्षण आणि पुढील कार्यवाहीची शिफारस असे चार रकाने असतात. एकाच पानावर असल्यामुळे ते एकाच विचारातून आले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात हे चार रकाने वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांपोटी जन्माला आले आणि पुढे एका पानावर येऊन बसले.

उपस्थितीचा रकाना मूळचा प्रशिक्षणाचा नाही, तो मस्टरचा आहे. कारखाने अधिनियम, 1948 नुसार प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले. कोण कामावर होता आणि कोणाचा पगार निघायचा, एवढ्यापुरता हा हिशेब होता. प्रशिक्षणाने तीच सवय उचलली, त्यामुळे ‘उपस्थिती किती टक्के’ हा प्रश्न आजही हजेरीच्या बेरजेने सोडवला जातो आणि कोण कोणत्या सत्राला नव्हता, हे सहसा कोणी विचारत नाही.

पुढील कार्यवाहीचा, म्हणजेच पाठपुराव्याचा रकाना त्यामानाने उच्च कुळातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 ते 1945 दरम्यान, अमेरिकेत अननुभवी कामगारांना झटपट तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी उपक्रम चालवला गेला. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: कामगाराची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि पाठपुरावा. या चौथ्या पायरीचा अर्थ नेमका होता. कामगाराला स्वतःच्या कामावर सोडायचे, अडल्यास कोणाकडे जायचे ते नावानिशी सांगायचे, सुरुवातीला वारंवार तपासायचे आणि तपासणी हळूहळू कमी करत न्यायची. आजच्या अहवालात याची जागा बहुधा ‘पुनर्प्रशिक्षण घेण्यात यावे’ या एका वाक्याने घेतली आहे. त्या वाक्यात कोणी, कधी आणि कोणाचे, यांपैकी काहीच नसते.

अभिप्राय आणि चाचणी हे दोन रकाने डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या मांडणीतून आले. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या या अध्यापकाने 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनावर लेखमाला सुरू केली आणि त्यात प्रतिक्रिया, शिक्षण, वर्तन आणि परिणाम अशा चार पायऱ्या मांडल्या. प्रतिक्रिया मोजायला पाच टप्प्यांची मोजपट्टी आयती हाताशी होती, कारण रेन्सिस लायकर्ट यांनी ती 1932 मध्येच मनोवृत्ती मोजण्यासाठी सुचवली होती. प्रशिक्षणार्थी खूश झाला म्हणजे तो शिकला असे होत नाही, हे कर्कपॅट्रिक यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते. शिक्षण मोजायचे तर आधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा चाचणी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. व्यवहारात मात्र पहिली पायरी सर्वांत स्वस्त आणि सोपी ठरली आणि तिलाच मान मिळाला. अभिप्रायाचे गुण आणि शिक्षण यांचा संबंध क्षीण असतो, हे 1997 मध्ये अलिगर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले. तरीही ‘सरासरी 4.6’ हा आकडा अहवालाच्या माथ्यावर ठळक छापला जातो.

चारही रकाने आपल्याकडच्या कारखान्यांत एकाच नमुन्यात पक्के होण्यामागे आयएसओ 9001 या मानकाचा मोठा हात आहे. 1987 च्या आवृत्तीत प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवण्याची अट होती, म्हणजे हजेरी आणि प्रमाणपत्र फाइलला लावले की काम भागत असे. 2000 च्या आवृत्तीत, दिलेल्या प्रशिक्षणाची परिणामकारकता तपासावी, अशी अट आली आणि तेव्हापासून नमुन्यात ‘ट्रेनिंग इफेक्टिव्हनेस’ची ओळ दिसू लागली. तीन महिन्यांनी भरायची ही ओळ कित्येकदा ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी, बाराही कार्यक्रमांसाठी एकाच शाईने आणि एकाच हाताने भरलेली असते, आणि अनुभवी ऑडिटरला ते शाई पाहूनच कळते.

हे रकाने एकमेकांशी न जोडता वाचले तर काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. मोजमापाच्या साधनांवर दोन दिवसांचे, चार सत्रांचे प्रशिक्षण आहे आणि 24 ऑपरेटर नोंदले आहेत. चार सत्रांना अनुक्रमे 23, 22, 22 आणि 17 जण आले, म्हणजे 96 पैकी 84 हजेऱ्या, उपस्थिती 87.5 टक्के. आकडा उत्तम आहे. पण चारही सत्रे पूर्ण करणारे 15 जणच होते आणि शेवटच्या सत्राला गैरहजर राहिलेले सातही जण दुसऱ्या पाळीचे होते. दुपारी तीनची पाळी गाठायला ते जेवणानंतर उठून गेले. मायक्रोमीटर हातात घेऊन करायचा सराव, अंतिम चाचणी आणि अभिप्रायाचा फॉर्म, सगळे त्याच सत्रात होते.

आता गुण पाहू. पूर्वचाचणी पहिल्या सत्रातल्या 23 जणांनी दिली, सरासरी 20 पैकी 9. अंतिम चाचणी 17 जणांनी दिली, सरासरी 15. अहवालात ‘सहा गुणांची वाढ’ लिहून मोकळे होता येते, पण दोन्ही वेळचे लोक एकच नाहीत. दोन्ही चाचण्या दिलेले 16 जण वेगळे काढले, तर त्यांची आधीची सरासरी 11 आणि नंतरची 15 येते, म्हणजे खरी वाढ चार गुणांची. उरलेले दोन गुण कोणी शिकल्यामुळे आलेले नाहीत. पूर्वचाचणीत जेमतेम साडेचार गुणांच्या आसपास असलेले सात जण सरासरीतून गळाले, म्हणून ते आले. ज्यांना प्रशिक्षणाची सर्वाधिक गरज होती तेच निघून गेले आणि ‘सरासरी 4.6’ या अभिप्रायात त्यांचे मत नाही.

सरासरीच्याही खाली उतरून प्रश्नवार पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. मायक्रोमीटरचे अल्पतम माप 0.01 मिमी असते, हे सतराही जणांनी बरोबर लिहिले. पण मायक्रोमीटर पूर्ण बंद केल्यावर तो 0.02 मिमी दाखवत असेल, तर तेवढे वाचनातून वजा करायचे, हा शून्यत्रुटीचा प्रश्न 11 जणांचा चुकला. व्याख्या पाठ झाली, हात बसला नाही. आणि शॉप फ्लोअरवर शाफ्ट रिजेक्ट होतो तो याच दोन शतांशांमुळे.

अशा अहवालाच्या चौथ्या रकान्यात काय लिहावे, ते या तपशिलातून आपोआप ठरते. दुसऱ्या पाळीच्या सात जणांसाठी सरावाचे सत्र आणि चाचणी त्यांच्याच पाळीच्या सुरुवातीला, त्याच आठवड्यात ठेवावी. शून्यत्रुटीचा प्रश्न चुकलेल्या 11 जणांना त्यांच्या मशीनवर पर्यवेक्षकाने पाच ठरावीक नग मोजायला लावावेत आणि ती वाचने गुणवत्ता विभागाने घेतलेल्या मापांशी ताडून पाहावीत. पहिल्या पंधरवड्यात दर दोन दिवसांनी आणि पुढे आठवड्यातून एकदा ही तपासणी करावी, आणि पर्यवेक्षकाचे नाव व तारखा त्याच रकान्यात लिहाव्यात.