रोजच्या रिपोर्टमध्ये तुरीचा उतारा का नको

अकोला, वाशीम, यवतमाळकडच्या छोट्या डाळ मिलमध्ये संध्याकाळी मालकाच्या मोबाइलवर रिपोर्ट येतो. आज तूर किती टाकली, डाळ किती निघाली आणि उतारा किती टक्के, असे तीन आकडे त्यात असतात. मालकाची नजर थेट तिसऱ्या आकड्यावर जाते. मिलच्या नफ्याचा तो सगळ्यात मोठा आकडा आहे, हे खरंच. तरी माझं ठाम मत आहे की रोजच्या रिपोर्टमधून तो काढून टाकावा आणि महिन्याच्या आढाव्यात त्याच्यासाठी निवांत तासभर ठेवावा.

याचं पहिलं कारण मिलच्या कामातच आहे. तूर आज टाकली आणि आजच डाळ झाली, असं होत नाही. आधी माल साफ होतो, मग एमरी रोलरवर दाण्याच्या सालीला चरे पाडतात, तेल चोळतात, मुरू देतात, कोब्यावर उन्हात वाळवतात, थोडं पाणी मारून पुन्हा वाळवतात, आणि मग साल काढून दाणा फोडतात. यात तीन-चार दिवस सहज जातात, ढगाळ हवा असली तर त्याहून जास्त. म्हणजे आज पोत्यात भरलेली डाळ तीन-चार दिवसांपूर्वीच्या तुरीची असते, आणि आज टाकलेली तूर तीन-चार दिवसांनी डाळ होणार असते. या दोघांचा भागाकार केला की एका दिवशी उतारा 90 टक्के दिसतो, दुसऱ्या दिवशी 55. तुरीच्या दाण्यात सालच साधारण 15 टक्के असते, त्यामुळे 90 टक्के डाळ निघणं शक्यच नाही. असा आकडा दिसला की समजावं, वेगवेगळ्या दिवसांचा माल एकमेकांत मोजला गेलाय.

म्हणून उतारा लॉटवर काढायचा. एका लॉटची तूर वजन करून टाकायची, पोत्यांवर लॉटचा नंबर घालायचा, आणि त्या लॉटची शेवटची डाळ, तुटलेल्या डाळीचा खंडा आणि चुऱ्याची चुनी वजनकाट्यावरून गेल्यावरच हिशेब बंद करायचा.

एवढं केल्यावरही आकडा हलतोच. समजा एका मिलमध्ये लॉट 60 क्विंटलचा आहे आणि महिन्यात दहा लॉट होतात. त्यांचा उतारा असा आला: 72.1, 70.8, 71.9, 73.0, 71.4, 70.6, 72.3, 71.5, 72.6, 71.8. सरासरी 71.8 टक्के. सहाव्या लॉटला 70.6 पाहून मालक मिस्त्रीला बोलावणार, हे नक्की. पण त्या दिवशी काही बिघडलं होतं का?

याचं उत्तर काढायची रीत जुनी आहे. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शेवार्ट यांनी 1924 साली कारखान्यातल्या आकड्यांसाठी नियंत्रण आलेख सुचवला. त्याच वळणाची, वहीच्या पानावर होणारी सोपी पद्धत अशी. प्रत्येक लॉट आणि त्याच्या आधीचा लॉट यांच्यातला फरक घ्यायचा, म्हणजे 1.3, 1.1, 1.1, 1.6 असे नऊ फरक मिळतात. त्यांची सरासरी 1.14 येते. तिला या पद्धतीतल्या ठरलेल्या 2.66 या आकड्याने गुणलं की साधारण 3 होतात. म्हणजे 71.8 च्या खाली-वर तीन, 68.8 ते 74.8 एवढ्या पट्ट्यात आकडा आपसूक फिरणार: दाण्याचा आकार, ऊन, ओल, वजनातली थोडी चूक, असं सगळं मिळून. (पक्का पट्टा आखायला दहापेक्षा जास्त लॉट बरे, पण सुरुवात एवढ्यावर होते.) 70.6 चं वेगळं कारण शोधायला गेलं तर ते सापडायचं नाही, कारण तसं एखादं कारण नसतंच. 68 आला असता तर मात्र त्याच दिवशी मशीन उघडून पाहायला हवं होतं.

तरीही रोज आकडा दाखवला तर काय होतं? मिस्त्री रोज रोलरची गॅप फिरवतो. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे नरसाळ्यातून खुणेवर गोटी सोडून दाखवत असत की मागच्या चुकीएवढी दुरुस्ती दर वेळी केली, तर आकड्यांचं विचरण दुप्पट होतं; म्हणजे पसारा सुमारे 1.4 पट वाढतो. कामाच्या काळजीपोटी केलेली दुरुस्तीच माल बिघडवते.

आता महिन्याचं पाहू. उतारा खरोखर एका टक्क्याने घसरला, तर 600 क्विंटल तुरीमागे सहा क्विंटल डाळ गेली. डाळीचा भाव क्विंटलला 10,000 रुपये धरला तर 60,000 रुपये. एका लॉटमध्ये ही घसरण तीनच्या पट्ट्यात लपून जाते. दहा लॉटच्या सरासरीत तो पट्टा दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे तीनपटीहून थोडा जास्त, आकसतो आणि एक टक्क्याच्या आसपास येतो. तिथे ही घसरण जेमतेम दिसू लागते; सलग दोन महिने दिसली तर शंका उरत नाही. एमरी रोलर हळूहळू गुळगुळीत होत जातो, ते असंच महिन्यांच्या हिशेबात उघडं पडतं.

मासिक आढाव्यात एक चकवा सांभाळावा लागतो. जानेवारीत नवी तूर ओली येते. 13 टक्के ओलीची तूर 10 टक्क्यांपर्यंत वाळवली की 100 किलोचे 96.7 किलो राहतात; सव्वातीन किलोच्या आसपास नुसतं पाणीच उडतं. म्हणून जानेवारीचा उतारा एप्रिलशी ताडू नये. एक तर मागच्या जानेवारीशी ताडावा, नाहीतर तुरीचं वजन ठरलेल्या ओलीवर आणून हिशेब करावा.

मग रोजच्या रिपोर्टमध्ये काय राहील? ज्याच्यावर उद्या सकाळी मिस्त्री काही करू शकतो आणि ज्याचा बिघाड एका दिवसातच ठळक दिसतो, तेवढंच. मशीनवर चढणाऱ्या मालाची ओल. 100 ग्रॅम डाळीच्या नमुन्यात हाताने निवडलेला खंडा आणि साल न निघालेले दाणे. गॅप चुकली की खंडा तासाभरात वाढतो, त्याला महिन्याची वाट पाहायची गरज नाही. मिल किती मिनिटं बंद राहिली आणि कशामुळे, हेही. एवढंच पुरे.

आणि एक आकडा असा, जो पाहणाऱ्याला हमखास मासिक वाटतो: विजेची कमाल मागणी. बिल महिन्याला येतं, म्हणून ती महिन्याच्या फाइलीत जाते. पण मीटर 30 किंवा 15 मिनिटांच्या सरासरीतला महिन्याचा सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. मोटर सुरू होतानाचा काही सेकंदांचा झटका त्यात विरून जातो. पण पॉलिशर, एलिव्हेटर आणि ड्रायरचा पंखा अर्धा तास एकत्र चालले, तर ती नोंद महिनाभर पुसली जात नाही. वीज कंपनीशी ठरलेल्या करार मागणीच्या वर गेलं तर जादा दर लागतो. 3 तारखेला झालेली चूक बिलावर दिसेपर्यंत तीच चूक अनेकदा झालेली असते. म्हणून मीटरच्या स्क्रीनवरची ती नोंद रोज लिहावी, युनिटचा हिशेब मात्र महिन्याला चालेल.

ही विभागणी कायमची नसते. आढाव्यात उतारा दोन महिने खाली दिसला, तर साल काढायला माल मशीनमधून किती वेळा फिरवावा लागतो, ही ओळ तीन आठवडे रोजच्या रिपोर्टमध्ये घालावी. रोलर गुळगुळीत झाला असेल तर फेऱ्या वाढलेल्या दिसतात, आणि फेऱ्यांबरोबर दाणा घासून चुनीही वाढते. रोलरला नवा एमरीचा थर दिला, फेऱ्या पूर्ववत झाल्या, की ती ओळ रिपोर्टमधून काढून टाकावी.