रायगडावरील गाईडचे कथन

रायगडावर आलेल्या लोकांना गड फिरवताना गाईड जागोजागी थांबून जे बोलतो, ते कथन. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्याने गडाला आग लागली आणि लाकडी वाडे जळून गेले. आज दिसतात ती बहुतेक जोतीच. त्यामुळे रिकाम्या चौथऱ्यावर भिंती, छप्पर आणि माणसे उभी करण्याचे काम बोलण्यावर येते.

कथनाचा गाभा राजसदरेत आहे. गाईड मंडळींना सिंहासनाच्या जागेसमोर थांबवतो आणि स्वतः सुमारे दोनशे फुटांवरच्या नगारखान्याकडे चालत जातो. तिथून तो कागद टरकावतो किंवा हलक्या आवाजात बोलतो, आणि ते इकडे ऐकू येते. मग ६ जून १६७४ चा राज्याभिषेक सांगायला सुरुवात होते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण स्वतःच्या कानांनी खात्री पटल्यावर आजोबा आणि नातू दोघेही पुढचे सारखेच लक्ष देऊन ऐकतात. वारा सुटला किंवा सदरेत गर्दीचा कलकलाट असला की प्रयोग फसतो. म्हणून जाणता गाईड सकाळी लवकर गड चढायला सांगतो.

मुलांसाठी कथनात कोडी येतात. ‘एवढ्या उंच हत्ती कसे चढवले?’ हे नेहमीचे. राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन यालाही गडावरचे हत्ती पाहून हाच प्रश्न पडला होता. ‘पिल्लं असतानाच आणली,’ हे गाईडचे ठरलेले उत्तर आहे. टकमक टोकावर खालचे छत्री निजामपूर गाव दाखवून वाऱ्याने छत्रीसकट उडालेल्या आणि तिथे सुखरूप उतरलेल्या सेवकाची गोष्ट सांगतात. पोरे कड्याच्या काठाकडे धावू नयेत म्हणून ती कठड्याच्या अलीकडे बसवून सांगावी लागते.

हिरकणीची गोष्ट मात्र मोठ्यांनाच जास्त लागते. कोजागिरीला दूध घेऊन आलेली गवळण, सांजेला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे बाळ आणि अंधारात उतरलेला कडा. ती सांगताना तिच्या नावाचा बुरूज समोर असावा लागतो. खालची दरी दिसली की आवाज चढवावा लागत नाही.

यातले कागदोपत्री किती आणि ऐकीव किती, हा भेद कथनात सहज पुसला जातो. हिरकणी आणि छत्रीवाला या दंतकथा आहेत. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून बाजारपेठेची जोती उंच ठेवली, हेही सांगणेच. ती दुकाने नसावीत असे मानणारे अभ्यासकही आहेत. याउलट जगदीश्वर मंदिराच्या पायरीवरची ‘सेवेचे ठायी तत्पर’ ही गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकराची ओळ दगडात आहे, बोट ठेवून वाचता येते. पण गड बांधायला पैसा कमी पडला तेव्हा त्याने घरदार विकले, ही त्यापुढची कहाणी सांगोवांगीची. चांगला गाईड पायरीपाशी वाकून ओळ वाचतो, आणि उभा राहिल्यावर पुढच्या वाक्याची सुरुवात ‘असं सांगतात की’ अशी करतो.