दूध उतू गेलं तेव्हा आजी काय करत होती?

बेळगाव-खानापूरकडच्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्यांत, विशेषतः क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्समध्ये, एक नियम हमखास सापडतो: लांबणारी क्रिया असेल तर ‘वॉज’ आणि ‘इंग’, झटकन संपणारी असेल तर साधा भूतकाळ. नियम सोपा आहे, पण चुकीचा आहे. ‘माय ग्रँडफादर वर्क्ड इन गोवा फॉर थर्टी इयर्स’ यात तीस वर्षं गेली, तरी ‘इंग’ नाही. ‘द बॉल वॉज फॉलिंग व्हेन आय कॉट इट’ यात जेमतेम एक सेकंद गेला, तरी ‘इंग’ आहे. म्हणजे घड्याळाशी याचा संबंध नाही.

संबंध कशाशी आहे, ते एका गोष्टीत पाहू. शहापुरातल्या एका घरात कुंद्यासाठी दूध आटतंय.

आजी वॉज स्टरिंग द मिल्क. द फोन रँग. शी वेंट टू द हॉल. व्हाइल शी वॉज टॉकिंग, द मिल्क बॉइल्ड ओव्हर.

फोन वाजला, ती हॉलमध्ये गेली, दूध उतू गेलं: या तीन घटनांनी गोष्ट पुढे सरकते. साध्या भूतकाळातली प्रत्येक क्रिया सुरुवात-शेवटासकट, पुरी हातात येते आणि आधीच्या क्रियेच्या पाठीमागे रांगेत उभी राहते. ‘वॉज स्टरिंग’ आणि ‘वॉज टॉकिंग’ मात्र रांगेत नाहीत. तिथे आपण क्रियेच्या आत असतो. लोंढ्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या खिडकीतून जंगल दिसतं, पण ते कुठे सुरू झालं आणि कुठे संपणार हे दिसत नाही, तसं.

आता एकच क्रियापद बदला. ‘व्हेन द फोन रँग, आजी स्टर्ड द मिल्क.’ आता फोन आधी वाजला आणि त्यानंतर आजीने दूध ढवळलं, जणू कुणीतरी फोन करून आठवण केली! वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, म्हणून तपासणाऱ्याची लाल रेघ त्यावर येत नाही. गोष्ट मात्र भलतीच झाली. आपलं वाक्य तपासायचं असेल तर मध्ये ‘आणि मग’ घालून वाचावं. अर्थ तोच राहिला तर दोन्हीकडे साधा भूतकाळ. ‘आणि मग’ने गोष्ट बिघडली, तर आधीपासून चाललेल्या क्रियेला ‘वॉज’ आणि ‘इंग’.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे. पुस्तकं याला ‘खंडित क्रिया’ म्हणतात, पण हा काळ काहीच खंडित करत नाही. ‘इट वॉज रेनिंग व्हेन द बस केम.’ बस आली म्हणून पाऊस थांबला का? आजीचं ढवळणं थांबलं हे आपल्याला कळतं ते ‘शी वेंट’मुळे. ‘वॉज स्टरिंग’ शेवटाबद्दल गप्प असतं. याच गप्प बसण्यातून एक कोडं निघतं, ज्यावर डेव्हिड डाउटी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बराच खल केला. ‘आजी वॉज स्टरिंग’ खरं असेल तर आजीने थोडं तरी ढवळलं, हेही खरंच. पण ‘आजी वॉज मेकिंग कुंदा’ खरं असलं तरी कुंदा झाला असं म्हणता येत नाही. दूध गेलं ओट्यावर. ढवळणं कुठल्याही क्षणी तोडलं तरी ते ढवळणंच असतं. कुंदा करण्याला मात्र ठरलेला शेवट आहे, आणि तो गाठला नाही तर कुंदा नाही. मग जो कुंदा कधी झालाच नाही, तो ‘करत होती’ हे खरं कसं? यावर अजून वाद चालतात. बारा काळांचा तक्ता पाठ करून महिन्यात फाडफाड इंग्रजी बोलायला लावणाऱ्या जाहिराती या वाटेला जात नाहीत, ते एक बरंच आहे म्हणा.

खरं तर आपल्या मुलांना हा फरक नवा नाही. मराठीत ‘जेवत होतो’ आणि ‘जेवलो’, कन्नडमध्ये ‘ऊटा माडुत्तिद्दे’ आणि ‘ऊटा माडिदे’. बेळगावातलं पोर तो गल्लीत दोनदा शिकून शाळेत येतं. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दूध उतू गेलं तेव्हा मांजर खिडकीत ‘बसलं होतं’ आणि आजोबा ‘झोपले होते’. मराठी इथे बसण्याची, झोपण्याची क्रिया पूर्ण झाली असं धरते आणि उरलेली अवस्था सांगते. मूल त्यावरून ‘द कॅट हॅड सॅट’, ‘आजोबा हॅड स्लेप्ट’ असं लिहितं. त्यातल्या दुसऱ्या वाक्याने तर आजोबांची झोप आधीच आटोपते. इंग्रजी त्या अवस्थेलाच चालू क्रिया मानते: ‘द कॅट वॉज सिटिंग’, ‘आजोबा वॉज स्लीपिंग’. चष्मा ‘घातला होता’ तोही ‘वॉज वेअरिंग’.

उलटी चूक ‘माहीत असणं’ यात होते. ‘आजी वॉज नोइंग’ चालत नाही, कारण जाणण्यात चालू राहणारी हालचालच नाही. तिथे फोन मध्येच वाजला तरी ‘न्यू’च.