पार्श्वभूमी: गरम पाण्याची सीपीव्हीसी लाइन आणि इन्सुलेशनचा वाद

१९९० च्या दशकाअखेरपर्यंत आपल्याकडे घरातली गरम लाइन जीआयचीच, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची असे. आटे पाडायचे, सुतळी-सफेदा लावायचा, पान्याने आवळायचं. काही वर्षांत आतलं जस्त संपून गंज धरे, क्षार साचत आणि सकाळचं पहिलं पाणी तांबूस येई. साधं पीव्हीसी गरम पाण्यात मऊ पडतं, तांबं महाग. सीपीव्हीसी म्हणजे जास्त क्लोरीन घातलेलं, गरम पाणी सोसणारं पीव्हीसी. अमेरिकेत चार दशकं आधी आलेलं हे सीपीव्हीसी इथे रुजलं ते यामुळे. २००७ मध्ये त्यासाठी भारतीय मानक, आयएस १५७७८, आलं. एसडीआर ११ चा, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असलेला पाइप २३ अंश सेल्सिअसला दर चौरस सेंटिमीटरला २८ किलो दाब पेलतो, ८२ अंशांना मात्र सातच. उन्हाळ्यात न वापरलेल्या सोलर वॉटर हीटरचं पाणी याच्याही वर जाऊ शकतं. म्हणून सोलरच्या टाकीलगतचा तुकडा धातूचा घेणंच शहाणपणाचं.

सोलरमुळेच एक वाद वाढला. जीआयच्या मानाने सीपीव्हीसीतून उष्णता फारच कमी वाहते, तेव्हा त्याला वेगळं इन्सुलेशन कशाला, असं विक्रेते आणि प्लंबर सांगू लागले. पहिला भाग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. पाऊण इंची पाइपची भिंत जेमतेम दोन मिलिमीटर. उघड्या पाइपची उष्णता मुख्यतः बाहेरच्या हवेच्या थराने अडते, भिंतीने थोडीच. म्हणून बंद हवेत उघड्या सीपीव्हीसीतलं पाणी धातूच्या पाइपपेक्षा फार तर काही मिनिटं जास्त गरम राहतं. १३ मिलिमीटरची नायट्राइल फोमची काळी नळी चढवली की निवण्याचा वेळ अडीचपट होतो. गच्चीवरच्या वाऱ्यात हा फरक आणखी वाढतो.

इन्सुलेशन टाळलं गेलं त्याचं खरं कारण घराच्या भिंतीत आहे. २२ मिलिमीटरच्या पाइपवर तेवढा फोम चढवला की व्यास ४८ होतो. चार इंची भिंतीत एवढी झिरी मारायला कोणी धजत नाही, आणि ते रास्तच आहे. तिथे सहा किंवा नऊ मिलिमीटरचा फोम चालतो. पण या अडचणीचा आधार घेऊन गच्चीवरची आणि डक्टमधली लाइनही उघडी ठेवली गेली, ते पटण्यासारखं नाही.

इन्सुलेशनला मर्यादाही आहे. पाऊण इंची पाइपच्या मीटरभर लांबीत पाव लिटरच्या वर पाणी मावतं. टाकी ते न्हाणीघर २० मीटर असेल तर रात्रभर निवलेलं पाच लिटर पाणी पहाटे सोडून द्यावंच लागतं, फोम असो वा नसो. फायदा दिसतो तो एकामागून एक आंघोळी होतात तेव्हा. पहाटेची नासाडी टाळायची तर लाइन आखूड करणं किंवा परतीची लाइन आणि छोटा पंप बसवणं, एवढेच उपाय.

गच्चीवर आणखी एक गोष्ट बघावी लागते. उन्हाने सीपीव्हीसी ठिसूळ होतं आणि फोमही भुगा होऊन गळतो. फोमवर अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा ऊन सोसणारं आवरण हवं. उघड्या तुकड्याला पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग द्यावा, ऑइल पेंट नको. फोम बसवताना मऊ पीव्हीसीची चिकटपट्टी थेट पाइपवर गुंडाळू नये, कारण तिच्यातलं प्लॅस्टिसायझर झिरपून सीपीव्हीसीला बारीक तडे जाऊ शकतात.