मध पातळ आहे म्हणून बाटली परत आणण्याआधी

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या विक्री केंद्रावर एकच तक्रार दिवसभर ऐकू येते. "तुमचा मध पाण्यात टाकला तर लगेच पसरला. शहरातल्या दुकानातला तळाशी जाऊन बसतो. म्हणजे यात पाणी आहे ना?" काही जण उघडलेली बाटली परतही आणतात. उघडलेली बाटली पुन्हा विकता येत नाही, आणि त्यात ज्या मधपाळाचा मध वाया जातो तो बहुतेक वेळा आपल्याच तालुक्यातला असतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

ग्लासातल्या पाण्याची परीक्षा फक्त दाटपणा दाखवते, शुद्धता दाखवत नाही. साखरेचा पाक हवा तितका दाट करता येतो, त्यामुळे पाक मिसळलेला मध ग्लासाच्या तळाशी आरामात बसतो. कोकणातला खरा मध मात्र मुळातच सैल असतो. फुलांतला रस पोळ्यात आणल्यावर माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी उडवतात. समुद्राकाठच्या दमट हवेत ते पाणी सहज उडत नाही, शिवाय मध हवेतला ओलावा स्वतःही ओढून घेतो. त्यामुळे सातेरी माशीचा इथला मध पोळ्यातून निघतो तेव्हा त्यात पुष्कळदा २० टक्क्यांहून जास्त पाणी असतं.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा २० टक्के आहे, ती आम्ही पाळतो. पेटीतल्या ज्या चौकटीचा निदान पाऊण भाग माश्यांनी मेणाने बंद केला आहे तेवढीच चौकट मध काढायच्या यंत्रात घालायची, हा आमच्या सभासद मधपाळांसाठी नियम आहे. नंतर बंद खोलीत ओलावा शोषणाऱ्या यंत्राने उरलेलं पाणी कमी करतो आणि रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून मोजतो. समजा एखादा मध २१.५ टक्क्यांवर आला, तर तो १९.५ पर्यंत उतरवून थांबतो. जास्त तापवून १७ वर आणला तर दिसायला छान दाट होईल, पण जांभळाच्या मधाचा तो किंचित तुरट वास त्यात उरणार नाही. म्हणून तेवढ्यासाठी आम्ही तो तापवत नाही. त्यात मे महिन्याचा उकाडा, म्हणजे १९.५ टक्क्यांचा मध चमच्यावरून धारेने ओघळणारच.

कापसाची वात पेटवून पाहणं किंवा अंगठ्यावर थेंब ठेवणं, यांनीही पाक ओळखता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. त्यांतले १० ब्रँड एनएमआर या भेसळ ओळखणाऱ्या प्रगत चाचणीत नापास झाले. नेहमीच्या चाचण्यांतून सुटतील असे पाक बाजारात मिळतात, हेही त्याच वेळी पुढे आलं. प्रयोगशाळेलाही चकवणारा पाक ग्लासभर पाण्यात कसा पकडला जाईल?

त्यापेक्षा बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. दुकानाच्या स्वतःच्या नावाने येणाऱ्या मधावर पुढे दुकानाचं नाव असतं आणि मागे पॅक करणाऱ्याचं. मध कुठल्या रानातला, कोणत्या महिन्यातला, हे बहुधा नसतं, कारण ठिकठिकाणचा मध एकत्र करून तो भरलेला असतो. यात बेकायदेशीर काही नाही, आणि त्यातला काही मध चांगलाही असतो. पण शंका आली तर विचारायचं कोणाला? आमच्या बाटलीवर "संगमेश्वर, एप्रिल, काढणी ३" असं लिहिलेलं असतं. तो क्रमांक सांगितलात की नोंदवहीतून कोणत्या सभासदाच्या पेट्या, आसपास काय फुललं होतं आणि ओलावा किती भरला, ते तुमच्यासमोर वाचून दाखवतो. मध आम्ही फक्त जाळीतून गाळतो, त्यामुळे परागकण त्यात राहतात. जांभूळ की माड, हे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतं.

एक गोष्ट आम्ही लपवत नाही. पावसाळ्यात फुलोरा नसतो, माश्या उपाशी मरू नयेत म्हणून आमचे मधपाळही त्यांना साखरेचा पाक देतात. "आम्ही कधीच साखर देत नाही" असं कोणी कोकणात सांगितलं, तर जुलैत माश्या काय खातात ते जरूर विचारा. आमच्याकडे पाक बंद झाल्यावर आणि रानात फुलोरा आल्यावरच वरचा मधाचा कप्पा चढवतात. काढणी फक्त त्याच कप्प्यातून होते, खालच्या पिल्लांच्या कप्प्याला हात लावत नाहीत.

घरी मात्र एक पथ्य पाळा. ओला चमचा बाटलीत घालू नका आणि झाकण घट्ट लावा. आधीच काठावरचा ओलावा असलेला हा मध थोड्या पाण्यानेही आंबतो. तसं झालं तर वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. न उघडलेल्या बाटलीत फेस दिसला, तर ती आमची चूक समजून बदलून देऊ. नुसता पातळ वाटला तर बाटली घेऊन या, केंद्रावरच थेंब मोजून दाखवतो. यंदाचा जांभळाचा मध पाऊस लागेपर्यंत मिळेल, मुंबईला परतताना न्यायचा असेल तर आधी सांगून ठेवा.