लोन रिजेक्ट झालं: फेरविचार मागायचा की नवा अर्ज टाकायचा?

रिजेक्शनचा मेल आला की बहुतेक जण दोनपैकी एक करतात, एकतर बँकेला रागारागात मेल टाकतात किंवा लगेच परत नवा अर्ज भरतात, आणि दोन्हीला "परत अप्लाय केलं" असंच म्हणतात. पण फेरविचाराची विनंती वेगळी आणि नवा अर्ज वेगळा. फेरविचारात तुम्ही म्हणता की माझी तीच जुनी फाइल उघडा, तिच्यात उत्पन्नाचा आकडा चुकीच्या कागदावरून घेतला गेलाय. नव्या अर्जात म्हणता की तेव्हाचं सोडा, आता माझी परिस्थिती बदललीय.

म्हणजे स्वतःला एकच विचारायचं, अर्ज केला तेव्हा माझं खरं उत्पन्न जास्त होतं आणि कागदावर कमी दिसलं, की उत्पन्न नंतर वाढलं? नंतर पगारवाढ झाली असेल तर फेरविचार मागून काही होत नाही, कारण त्या तारखेला बँकेचा हिशोब बरोबरच होता.

आता एक उदाहरण घेऊ. हातात येणारा पगार 50,000. आधीच्या लोनचा हप्ता 9,000 चालू आहे, नव्याचा 14,000 बसणार, म्हणजे महिन्याला 23,000. समजा ही बँक हप्त्यांसाठी पगाराच्या निम्म्यापर्यंतच जाऊ देते (प्रत्येक बँकेची मर्यादा वेगळी असते). पण शेवटच्या महिन्याच्या स्लिपमध्ये ऑफिसने चुकून काही दिवस बिनपगारी रजा लावली, हातात 38,000 आले आणि बँकेने नेमका तोच आकडा धरला. 38,000 वर 23,000 म्हणजे साधारण 60 टक्के, रिजेक्ट. 50,000 वर तेच 46 टक्के, मर्यादेत बसतं. ही फेरविचाराची अगदी सरळ केस आहे.

आता इथेच लोक घोळ घालतात. एचआरकडून दुरुस्त स्लिप घेतात आणि नुसती तीच पाठवून देतात. तिकडे अधिकाऱ्यापुढे काय येतं बघा, एकाच महिन्याच्या दोन स्लिपा, एकीवर 38,000, दुसरीवर 50,000, आणि बँक स्टेटमेंटमध्ये त्या महिन्यात जमा 38,000. त्याच्या जागी कोणीही असता तरी पहिला संशय बनावट कागदाचाच आला असता, आणि एकदा तो शिक्का बसला की मग फेरविचार राहतो बाजूला. म्हणून दुरुस्त स्लिपबरोबर दोन गोष्टी हव्यातच: कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, जुनी स्लिप का चुकली आणि ती रद्द केलीय असं पत्र, आणि पुढच्या महिन्यात कापलेले 12,000 परत जमा झाल्याचं स्टेटमेंट. ते पैसे अजून जमाच झाले नसतील तर थोडं थांबा, जमा होऊ द्या, मग पाठवा. आणि पीडीएफमध्ये स्वतः आकडा बदलायचा विचारसुद्धा करू नका, बँक थेट कंपनीत फोन करून विचारू शकते.

पत्र छोटं ठेवा. विषयात अर्ज क्रमांक आणि नकाराच्या पत्राची तारीख, मग कारण बँकेच्याच शब्दांत, मग मुद्दा. साधारण असं:

"आपण परतफेड क्षमता अपुरी असल्याचे कारण देऊन माझा अर्ज नाकारला आहे. अर्जासोबतच्या शेवटच्या महिन्याच्या वेतनपत्रकात नियोक्त्याकडून चुकीने बिनपगारी रजा दाखवली गेली होती. दुरुस्त वेतनपत्रक, नियोक्त्याचे पत्र आणि फरकाची रक्कम जमा झाल्याचे खाते विवरण जोडले आहे. मासिक निव्वळ वेतन 50,000 धरून परतफेड क्षमतेचा हिशोब पुन्हा करावा, ही विनंती."

बस, एवढंच. घरची अडचण, बँकेशी किती जुनं नातं, हे सगळं त्या हिशोबात कुठेच बसत नाही. नकाराच्या पत्रात "धोरणात बसत नाही" असं गोलमोल लिहिलं असेल तर आधी नेमकं कारण लेखी मागा, कारण अडचण जुन्या थकलेल्या हप्त्यांची असेल तर पगाराची स्लिप दुरुस्त करून काहीच फरक पडत नाही.

घाईने नवा अर्ज टाकण्यात तोटा असा की प्रत्येक नव्या अर्जाला बँक क्रेडिट रिपोर्ट परत काढते, त्याची नोंद राहते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की स्कोअर खाली येऊ शकतो. फेरविचारात बरेचदा आधीच काढलेल्या रिपोर्टवर काम भागतं, पण तो जुना झाला असेल तर परत काढतील, तेव्हा आधी विचारून घ्या. शिवाय फाइल कायम उघडी राहत नाही, ती बंद झाली की बँक स्वतःच नवा अर्ज करा म्हणते, मग तोच कागदांचा संच नव्या अर्जाला लावायचा.

आणि फेरविचारातही नाहीच म्हणाले तर? आता कुठला आकडा धरला ते विचारा. 50,000 धरूनही नकार असेल तर कागदाचा प्रश्न संपला, आता हप्ताच कमी करावा लागेल, म्हणजे रक्कम कमी किंवा मुदत जास्त, नाहीतर तो 9,000 चा जुना हप्ता संपेपर्यंत थांबायचं. तो संपला की मात्र फेरविचार नाही, सरळ नवा अर्ज.